तीन माना, तीन उशा

आमच्या घरात माणसं तीन आणि तिघांच्या मानांचं एकमेकींशी अजिबात पटत नाही. सासूबाई चिपळूणच्या, त्यांच्या लेखी उशी म्हणजे सावरीच्या कापसाची, बाकी सगळं "ते प्लास्टिक". नवरा कुशीवर झोपतो, त्याला उंच आणि टणक उशी लागते, नाही मिळाली तर स्वतःचा हात दुमडून डोक्याखाली घेतो आणि पहाटे हात बधिर झाला म्हणून मला उठवतो. मी उताणी झोपणारी, मला उशी असून नसल्यासारखी हवी. त्यात सोफ्यावरच्या कुशन्सनी माना टाकलेल्या, पाहुणे आले की त्यांना हळूच भिंतीला टेकवून उभं करावं लागायचं.

तर दिवाळीच्या आधी ठरलं की आता रेडिमेड नको, ठाण्यातल्या जांभळी नाक्याला जाऊन गादीवाल्याकडून भरून घ्यायचं. घोडबंदर रोडवरून रिकाम्या खोळी घेऊन टीएमटीच्या बसमध्ये बसले, सासूबाई सोबत, कारण "तुला फसवतील".

दुकानात सावर एका गोणीत, फोमचा चुरा एका गोणीत आणि फायबर दोन गोण्यांत. दोन्ही फायबर तितकीच पांढरी, तितकीच फुललेली, भावात मात्र चांगलाच फरक. मी विचारलं काय फरक, तर म्हणाला "ताई, क्वालिटी". हे उत्तर आमच्याकडे भाजीवाल्यापासून बिल्डरपर्यंत सगळे देतात. शेवटी त्याच्याकडच्या म्हाताऱ्या कारागिराने दोन्हीतली एकेक चिमूट माझ्या हातात दिली आणि म्हणाला, बोटात चोळा. महागातली चिमूट बोटातून सुळकन घसरली, स्वस्तातली कोरडी लागली, कुरकुरली आणि चोळता चोळता तिची गुठळी झाली. पहिलीच्या तंतूंवर सिलिकॉनचा हात दिलेला असतो म्हणून ते एकमेकांत अडकत नाहीत. शिवाय तंतू आतून पोकळ, आणि बनवतानाच त्याच्या दोन बाजू कमीजास्त आकसतात म्हणून तो स्प्रिंगसारखा वळतो, दाबला की परत उठतो. कोरडं फायबर पहिल्या दिवशी तितकंच गुबगुबीत दिसतं आणि मग काही महिन्यांत उशीत लिंबाएवढे गोळे फिरायला लागतात. प्लास्टिकच्या जुन्या बाटल्या वितळवून केलेलं फायबर म्हणजे वाईटच असं काही नाही बरं का, सिलिकॉन आहे की नाही ते बघायचं.

सावरीच्या गोणीचा ताबा अर्थातच सासूबाईंनी घेतला. त्यांनी मूठभर काढली आणि दुकानात उभ्या उभ्या वात वळायला घेतली. मला वाटलं देवाची आठवण झाली. पण ती परीक्षा होती! साध्या कापसाच्या तंतूला नैसर्गिक पीळ असतो म्हणून त्याची वात घट्ट वळते, सावरीचा तंतू गुळगुळीत, आखूड आणि सरळ, त्याची वात धड होत नाही, सोडली की उलगडते. म्हणूनच सावरीचं सूत कातत नाहीत, ती जन्माला आली ती उशीत जायलाच. पहिल्या मुठीची वात मस्त वळली. सासूबाईंनी ती गादीवाल्यापुढे धरली आणि एवढंच म्हणाल्या, "निरांजनात लावू का?" मग आतून दुसरी गोणी आली. ही पिवळसर होती, रेशमासारखी चमक होती आणि वात काही केल्या होईना. तिच्यात हात घालून त्यांनी बियाही चाचपल्या, काळ्या, मिरीएवढ्या. बिया नीट काढलेल्या नसतील तर रात्री कानाखाली टोचतात, आणि त्यात तेल असतं म्हणून उंदीर येतात ते वेगळंच.

फोमच्या चुऱ्यात मात्र परीक्षा घेण्यासारखं काही नसतं, नुसतं बघायचं. गाद्यांच्या कारखान्यात फोम कापताना जे तुकडे उरतात त्यांचा हा चुरा, त्यामुळे एकाच मुठीत मऊ पांढरा, कडक गुलाबी, राखाडी असं सगळं संमेलन. तुकडे एकसारखे, छोटे असतील तर ठीक. त्यात कापडाचे धागे, गोंदाचे कडक पापुद्रे दिसले तर समजायचं की कोणाच्या तरी जुन्या सोफ्याचा पुनर्जन्म आपल्या घरी होऊ घातलाय. आणि वास घ्यायचा, कुबट असेल तर सरळ निघायचं.

आता खरी भानगड, किती भरायचं. १७ बाय २७ इंचाच्या आमच्या खोळी. भाव किलोवर, पण तीन मालांचा एकेक किलो म्हणजे तीन वेगळे आकार. गादीवाल्याचा सगळ्यांना एकच हिशोब, खोळ टम्म झाली पाहिजे, गिऱ्हाईक खूश. पण टम्म उशी दुकानातच चांगली दिसते, तिच्यावर डोकं ठेवलं की मान नव्वद अंशात. मी हट्टाने सगळं सुटं घेतलं, पाऊण-पाऊण किलो फायबर, किलोभर सावर, चुरा थोडा जास्त, म्हंटलं घरी बसून मापात भरू. कारागीर जाताना म्हणाला, "सावर भरताना पंखा बंद ठेवा." एवढंच म्हणाला. दारं, खिडक्या, नाक, कान हे त्याने सांगायला हवं होतं.

पंखा बंदच होता. पण आमचा चौदावा मजला, खाडीकडून वारा येतो, आणि सावरीच्या तंतूचा बहुतेक भाग म्हणजे आतली हवाच, जाड भिंत नाहीच त्याला. त्यामुळे तिला उडायला वादळ लागत नाही, घरात कोणी जोरात उसासा टाकला तरी पुरतं. तासाभरात टीव्ही, देव्हारा, नवऱ्याची दाढी, सगळं पांढरं. सासूबाईंनी आधी देवापुढची उदबत्ती विझवली, ते मात्र फार बरं केलं, कारण ही सावर भुर्रकन पेट घेते. आणि त्यांनीच दाखवलं की सावरीला कापसासारखं पिंजायचं नसतं, तंतू ठिसूळ, पिंजला की मोडून भुगा होतो. पिशवीतल्या पिशवीत बोटांनी हलके मोकळी करायची आणि मुठीमुठीने आधी कोपऱ्यांत बसवायची. खोळीचं कापडही घट्ट विणीचं पाहिजे, गादीला वापरतात ते जाड टिकिंग, आणि तोंड हाताने दुहेरी शिवायचं. मी हौसेने चेनवाली खोळ आणली होती, त्या चेनीच्या दातांतून सावर रोज थोडी थोडी बाहेर येऊन अभ्र्यावर बसायची. चेन उसवून शिलाई घातली तेव्हा थांबली.

फायबर भरायला सोपं, पण गाठोडं जसंच्या तसं कोंबायचं नाही, आधी हाताने ओढून ओढून मोकळं करायचं, नाहीतर जिथे दाबलेलं राहिलं तिथे कायमचा दगड. चुरा मात्र हाताला, कोपराला, पायमोज्यांना चिकटतो, झटकला की दुसऱ्या हाताला चिकटतो. नवरा म्हणाला मी भरतो, आणि पुढच्या दिवशी ऑफिसात त्याच्या शर्टच्या खिशातून फोम निघाला.

मग झोपायचं. नवऱ्याने चुऱ्याची उशी मागून घेतली, उंच, टणक, जशी पाहिजे तशी. पहिला आठवडा त्याने तिची इतकी स्तुती केली की मला जरा रागच आला. पण चुऱ्याचे तुकडे एकमेकांना धरून राहत नाहीत, डोक्याच्या वजनाने हळूहळू बाजूला सरकतात, पहाटेपर्यंत मधे खड्डा आणि भोवती कडं, आणि त्या खड्ड्यात तो कानापर्यंत रुतलेला. कूस बदलली की आतून खसखस आवाज, तो उठत नाही, मी उठते. वर फोम ऊब धरतो, म्हणजे ठाण्याच्या ऑक्टोबरमध्ये एका बाजूचा गाल भाजलेला. शेवटी त्याच्यासाठी फायबरच जरा गच्च भरलं, किलोच्या आसपास, आणि माझ्या उशीतून मुठी काढत काढत पाचसहाशे ग्रॅमवर आले. माल तोच, फक्त वजन वेगळं, दोघंही गप्प झोपलो.

सासूबाईंची सावर मात्र पावसाळ्यापर्यंत राणीसारखी होती. गार राहते, डोक्याचा आकार घेते, फायबरसारखी ढकलून देत नाही. गंमत म्हणजे सावरीच्या तंतूवर मेणाचा थर असतो, पाण्यावर टाकली तर तरंगते, एकेकाळी लाइफजॅकेटमध्ये भरायचे ती. पण हवेतला दमटपणा ती पिते, घाम आणि डोक्याचं तेलही, आणि फायबरसारखी दाबल्यावर आपणहून उठत नाही. तिला ऊन लागतं. दोनचार तास कडक ऊन दाखवलं, उलटी केली, की पुन्हा फुलते. जून ते सप्टेंबर ठाण्यात हे ऊन कुठून आणायचं? एखाद्या दिवशी पडलंच तर गच्चीला कुलूप, किल्ली वॉचमनकडे, वॉचमन जेवायला, आणि सोसायटीचा नियम की गच्चीत गाद्या-उशा घालायच्या नाहीत. सासूबाई उशी पदराखाली घेऊन लिफ्टने वर जायच्या. सेक्रेटरी भेटले तर "नातवंडाला घेऊन चाललेय", आम्हाला मूल नाही हे सेक्रेटरींना माहीत असून ते "हो का" म्हणायचे.

एकदा दमट वास आला म्हणून मी म्हंटलं धुवू या. त्या माझ्याकडे अशा बघितल्या की मी बादली परत ठेवली. बरोबरच होतं त्यांचं, ती धुतली की तिचा लगदा होऊन गठ्ठा बसतो, परत फुलत नाही. अभ्रा धुवायचा आणि आत अजून एक पातळ अभ्रा घालायचा, एवढंच. फायबरची उशी मशीनमध्ये जाते, पण गरम पाणी नको, ड्रायर गरम नको, एका वेळी दोन टाकायच्या म्हणजे मशीन एका बाजूला नाचत नाही, आणि पूर्ण वाळेपर्यंत हाताने फोडत राहायचं. दर धुण्याला थोडं सिलिकॉन जातंच. उशी संपली का ते कळायला मधोमध दुमडून सोडायची, उसळून सरळ झाली तर आहे जीव, तशीच पडून राहिली तर बदला.

उरलेल्या चुऱ्याचं काय करायचं यावर घरात चर्चासत्र झालं. तो गेला कुशन्समध्ये, आणि तिथे तो खरंच शोभला, कारण पाठ टेकायला उशीएवढे लाड लागत नाहीत. फक्त नुसता भरला तर बाहेरून फोड आल्यासारखा दिसतो, म्हणून एका पातळ पिशवीत चुरा शिवून टाकला, भोवती फायबरची शीट गुंडाळली आणि मग वरचं कव्हर. १६ इंची कव्हरला आतली पिशवी १८ इंची घ्यायची, तरच कोपरे उभे राहतात. सोफ्याशेजारी खिडकी आहे तिथे मात्र एक कुशन रोज उन्हात असतं, त्यातला फोम पिवळा पडायला लागलाय, पुढे त्याची पूड होणार हे कारागिराने आधीच सांगून ठेवलंय.

सध्या सासूबाईंच्या कपाटात एक शिवलेली पिशवी आहे, मूठ-दोन मूठ सावरीची. दरवर्षी उशीतून थोडी मोडलेली भुकटी काढायची आणि तेवढी नवी भर घालायची असा त्यांचा बेत आहे. नवऱ्याने विचारलं, मग शेवटी जुनी किती उरणार त्यात? त्या म्हणाल्या, "तू तुझ्या प्लास्टिकवर झोप."