तीन हजारचं काय ते बोला!

आमच्या पॅथॉलॉजी लॅबच्या भिंतीवर एक लॅमिनेट केलेला कागद आहे. ‘सीरम : ३००० आरपीएम, १० मिनिटे.’ तो कुणी लावला हे कुणालाच आठवत नाही, त्यामुळे त्याचा दरारा मोठा आहे. रक्ताच्या नळ्या गरगर फिरवून सीरम वेगळं करणाऱ्या जुन्या सेंट्रिफ्यूजने मान टाकली आणि त्याच्या जागी नळ्या ठेवायच्या चार लोंबत्या बकेटांचं भारदस्त मशीन आलं, तेव्हाही सर कागदाकडे बोट दाखवून म्हणाले, “तीन हजार म्हणजे तीन हजार. मशीन बदललं म्हणून आकडा बदलतो की काय?”

बदलतो. पण बदलतो हे सरांना सांगणार कोण?

नळीतल्या रक्ताला मिनिटाला किती फेरे झाले याच्याशी काही घेणंदेणं नसतं. आपल्या वजनाच्या किती पट जोराने आपल्याला बाहेर रेटलं जातंय, एवढंच त्याला कळतं. तो जोर ‘जी’त मोजतात आणि त्याचं सूत्र असं :

```
RCF = 1.118 × 10⁻⁵ × r × N²
```

`r` म्हणजे अक्षापासून नळीच्या तळापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये, `N` म्हणजे आरपीएम. जुन्या मशीनची त्रिज्या होती १० सेंटिमीटर, म्हणजे तीन हजारावर १००६ जी. आमच्या पिवळ्या झाकणाच्या जेल नळ्यांना हवेत १००० ते १३०० जी, तेव्हा कागद लावणारा माणूस शहाणाच होता. फक्त त्रिज्या लिहायला विसरला. नव्या मशीनची त्रिज्या १७. त्याच तीन हजारावर १७१० जी!

हे मी सरांना दाखवलं. सर शास्त्रीय वृत्तीचे, म्हणाले, “मी स्वतः मोजतो.” पट्टी घेतली, झाकण उघडलं, आत वाकले. बकेट निवांत खाली लोंबत होती. अक्षापासून तिच्या तळापर्यंतचं आडवं अंतर भरलं ९ सेंटिमीटर. सरांनी मोबाइलवर गणित केलं, उत्तर आलं ९०६ जी. “बघ! हे तर कमीच पडतंय. बत्तीसशेवर घे.”

आता काय बोलणार? जत्रेतल्या चक्री पाळण्याच्या खुर्च्या पाळणा थांबलेला असताना मोजायच्या नसतात. रोटर फिरला की बकेट आडवी होते आणि तिचा तळ थेट १७ सेंटिमीटरवर जातो. बत्तीसशेवर सरांच्या हिशेबाने १०३० जी होणार होते आणि नळ्यांच्या हिशेबाने १९४६. मी हाताने बकेट आडवी धरली आणि पट्टी पुन्हा सरांकडे दिली. सरांनी चष्मा पुसला. मोठी माणसं चूक कबूल करत नाहीत, चष्मा पुसतात.

शेवटी उलटं गणित केलं. १० भागिले १७, त्याचं वर्गमूळ ०.७७, म्हणजे तीन हजाराचे झाले तेवीसशे. जोर हजाराच्या जरासा वर.

तेवढ्यात मामांनी नवीन तक्रार काढली. “जुनं कसं बटण दाबलं की सुटायचं. हे म्हशीसारखं उठतंय. मोटर मेलीय.” मेकॅनिक आला. मशीनवर एक टिचकी मारून त्यानेही निदान केलं, “मोटर बदलावी लागेल.” खर्चाचा आकडा ऐकून सरांना एकदम माझी आठवण झाली.

गणित तसं सोपं आहे. वेग घ्यायला लागणारा वेळ म्हणजे रोटरचं जडत्व गुणिले कोनीय वेग, भागिले मोटरचा टॉर्क. गोम आहे ती जडत्वात, कारण वजन अक्षापासून जितकं लांब, तितकं ते अंतराच्या वर्गाने अंगावर येतं. भरलेली बकेट १.२ किलोची, फिरताना तिचं वजन साधारण १३ सेंटिमीटरवर एकवटलेलं. चार बकेटांचे झाले ०.०८ आणि मधल्या सांगाड्याचं थोडं धरून ०.०९ किलोग्रॅम-वर्गमीटर. तेवीसशे आरपीएम म्हणजे सेकंदाला २४१ रेडियन. माहितीपुस्तिकेत टॉर्क लिहिला होता ०.६ न्यूटन-मीटर. उत्तर ३६ सेकंद.

घड्याळ लावलं. मशीनने ४३ घेतले. वरचे सात सेकंद बकेटा हवा कापतात त्याचे, शिवाय टॉर्कही शेवटपर्यंत तेवढाच राहत नाही. दीड-दोन मिनिटं लागली असती तर मीच मोटरवर संशय घेतला असता. ३६ च्या जागी ४३ म्हणजे मोटर ठणठणीत आहे.

मेकॅनिकने माझ्या गणिताचा कागद उलटासुलटा करून पाहिला आणि व्हिजिटचे पैसे मागितले. सर्व्हिस रिपोर्टवर मात्र त्याने प्रामाणिकपणे लिहिलं : ‘मोटर ओके. स्टाफला घाई.’