हायकिन-आशीच्या ‘खोट्या’ किमती : एका प्रतिक्रियेला उत्तर

कोथरूडकर म्हणतात : “दादा, तुमचं वाचून बिटकॉइनच्या डेली चार्टवर हायकिन-आशी लावलं. रंग बदलला की घ्यायचं, परत बदलला की विकायचं, एवढंच. बॅकटेस्टमध्ये ग्राफ सरळ वर, खरे पैसे लावले की तोटा. त्या कॅन्डलवर दिसतो तो भाव मार्केटमध्ये कधी नसतोच. असली खोटी चित्रं लोकांना शिकवता कशाला? साधी कॅन्डल बघायला काय दुखतं?”

नमस्कार कोथरूडकर,

भाव खरा नसतो हे तुमचं बरोबर आहे, त्यात वादच नाही. पण तो नेमका कुठे खोटा, किती खोटा आणि कोणाच्या बाजूने खोटा हे नीट बघितलं ना, तर तुमच्या बॅकटेस्टचं कोडंही सुटतं आणि हायकिन-आशी कचऱ्यात टाकायचं कारणही उरत नाही. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

हायकिन-आशी म्हणजे सरासरीवरून बनवलेल्या कॅन्डलचा चार्ट. आधी ही कॅन्डल बनते कशी ते बघू. तिचा क्लोज म्हणजे खऱ्या कॅन्डलचे ओपन, हाय, लो, क्लोज या चारांची सरासरी. तिचा ओपन म्हणजे आदल्या हायकिन-आशी कॅन्डलच्या बॉडीचा बरोबर मध्य, म्हणजे आजच्या मार्केटशी त्याचा काडीचा संबंध नाही, आजचा पहिला सौदा व्हायच्या आधीच तो ठरलेला असतो. हाय काढताना खरा हाय आणि हे दोन आकडे यातला सगळ्यात मोठा घ्यायचा, लो काढताना तसाच सगळ्यात छोटा.

आता ओपन दरवेळी निम्मा जुन्या ओपनमधून आणि निम्मा जुन्या क्लोजमधून येतो, आणि हेच सूत्र ३ कॅन्डलच्या ईएमएचं, म्हणजे ताज्या भावाला जास्त वजन देणाऱ्या सरासरीचं असतं. त्यामुळे कॅन्डल हिरवी आहे याचा अर्थ एवढाच की आजचा सरासरी भाव कालपर्यंतच्या ३ कॅन्डलच्या ईएमएच्या वर आहे. बस. आज भाव चढला की पडला हे तो रंग सांगतच नाही. यूट्यूबवर ‘जपानी सीक्रेट’ म्हणून जे विकतात ते एवढंच आहे, एक छोटी मूव्हिंग ॲव्हरेज कॅन्डलचे कपडे घालून आलेली.

एक उदाहरण आकड्यांनिशी करू, आकडे मी सोपे म्हणून बनवलेत. समजा एक कॉइन वर चाललाय आणि रविवारची हायकिन-आशी कॅन्डल १०० ला उघडून १०४ ला बंद झालेली दिसतेय. सोमवारचा खरा भाव : ओपन १०६, हाय ११२, लो १०५, क्लोज १११. हायकिन-आशीचा क्लोज आला १०८.५, ओपन आला १०२, आणि १०२ हा खऱ्या लोच्याही खाली असल्यामुळे लो पण १०२ च. खाली विक, म्हणजे बॉडीच्या बाहेर डोकावणारी काडी नाही, सपाट बूड, ‘स्ट्राँग ट्रेंड’वाली कॅन्डल. पण सोमवारी १०२ ला एकही सौदा झालेला नाही, मार्केट १०५ च्या खाली गेलंच नव्हतं! मंगळवारी ओपन १११, हाय ११८, लो ११०, क्लोज ११७. हायकिन-आशी दाखवणार १०५.२५ ते ११४, परत सपाट बूड, आणि खरा लो ११० तर चित्रात कुठेच नाही.

आता बुधवार. ओपन ११७, १२४ पर्यंत उडी, मग धाडकन १०८ पर्यंत खाली, आणि क्लोज १०९. साध्या चार्टवर ही कॅन्डल बघून कोणाचीही झोप उडेल, मोठ्ठी लाल, मंगळवारची अख्खी बॉडी गिळलेली, ज्याला आपण बेअरिश एन्गल्फिंग म्हणतो तीच. हायकिन-आशीवर काय येतं? चारांची सरासरी ११४.५, ओपन १०९.६३. म्हणजे हिरवी. भाव ८ पॉइंट पडला, क्लोज १०९ ला झाला, आणि तुमच्या समोर ११४.५ ला बंद झालेली हिरवी कॅन्डल. हायकिन-आशी सगळ्यात जास्त लपवते ती हीच गोष्ट, खरा क्लोज. आणि दिवसअखेर कोण जिंकलं, घेणारे का विकणारे, हे सांगतो तो क्लोजच, सरासरीत तो चारातला एक होऊन बसतो.

अगदीच मुकी नसते म्हणा ती. बुधवारी वर १२४ पर्यंत लांबलचक विक आलीय आणि दोन दिवस सपाट असलेल्या बुडाला खाली छोटीशी विक फुटलीय, १०९.६३ वरून १०८ पर्यंत. ज्याला वाचता येतं त्याला तो इशारा पुरतो. पण तुम्ही तर फक्त रंग बघत होतात.

गुरुवारी ओपन १०९, हाय १११, लो १०१, क्लोज १०३. हायकिन-आशी ११२.०६ ते १०६, आत्ता कुठे लाल झाली. तुमच्या नियमाने आता विकायचं, तेव्हा खरा भाव १०३. बुधवारच्या क्लोजला निघाला असतात तर १०९. हे ६ पॉइंट म्हणजे गुळगुळीत चार्टची किंमत, ती प्रत्येक मूव्हिंग ॲव्हरेजमध्ये द्यावीच लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढच्या गोष्टीबद्दल आहे. ट्रेडिंगव्ह्यूवर तुम्ही हायकिन-आशी चार्टवरच स्ट्रॅटेजी चालवली असणार. सिग्नल कॅन्डल बंद झाली की टेस्टर पुढच्या कॅन्डलच्या ओपनला ऑर्डर भरतो, आणि त्या चार्टवर ओपन म्हणजे हायकिन-आशीचाच ओपन. शुक्रवारचा तो ओपन किती? ११२.०६ आणि १०६ चा मध्य, १०९.०३. क्रिप्टो मार्केट बंदच होत नाही, त्यामुळे शुक्रवारचा खरा ओपन १०३ च्या आसपासच असणार. म्हणजे कागदावर तुमचा माल १०९ ला विकला गेला, आणि वॉलेटमध्ये आले १०३. एका सौद्यात साडेपाच टक्क्यांच्या वर फरक, आणि तो पण नुसत्या हवेतला.

आणि हा फरक कधी इकडे कधी तिकडे होऊन फिटत नाही हे लक्षात घ्या. खाली रंग बदलतो तेव्हा पुढचा ओपन बहुतेक वेळा मार्केटच्या वर लटकत असतो, म्हणून कागदावर महाग विकता. वर रंग बदलतो तेव्हा तोच ओपन मार्केटच्या मागे, खाली राहिलेला असतो, म्हणून कागदावर स्वस्त घेता. दोन्हीकडे टेस्टर तुमच्याच खिशात पैसे टाकतोय. तुमचा तो सरळ वर जाणारा ग्राफ याच्यातून आला. सुपरट्रेंड इंडिकेटर हायकिन-आशी चार्टवर लावून जे ‘जबरदस्त रिझल्ट’ दाखवतात त्यांचं पण हेच, वर त्यांचा एटीआर, म्हणजे भाव सरासरी किती हलतो त्याचं माप, सुद्धा त्या बनवलेल्या हाय-लोवरून निघालेला असतो.

दुरुस्ती एका ओळीची आहे. स्ट्रॅटेजीच्या पहिल्याच ओळीत एवढं लिहा की ऑर्डर खऱ्या भावाला भरल्या जातात :

```
strategy("HA color", overlay = true, fill_orders_on_standard_ohlc = true)
```

ग्राफ बऱ्यापैकी झोपेल, तयारी ठेवा. त्यानंतर जे उरतं ती तुमची खरी स्ट्रॅटेजी.

स्टॉपलॉसचंही बोलायला हवं. वरच्याच उदाहरणात मंगळवारी ११७ ला घेतलं आणि ‘मंगळवारच्या लोच्या जरा खाली’ स्टॉप लावायचा ठरवलं तर हायकिन-आशी बघणारा १०५ लावणार, कारण चित्रात लो १०५.२५ दिसतोय. खरा लो ११०, साधी कॅन्डल बघणारा १०९.५ लावणार. एकाची रिस्क १२ पॉइंट, दुसऱ्याची साडेसात, आणि पहिल्याला वाटतंय की आपण लोच्या खालीच बसलोय. १०५.२५ ही जागा मार्केटला माहीतच नाही, तिथे कोणाच्या ऑर्डरी असायचं काही कारण नाही. सपोर्ट, रेझिस्टन्स, स्टॉप, क्वांटिटी हे सगळं खऱ्या कॅन्डलवरूनच काढायचं, यात मला तडजोड मान्य नाही.

मग हायकिन-आशी ठेवायची कशाला? तर बिटकॉइन, इथेरियम जेव्हा आठवडेच्या आठवडे एका दिशेने चालतात तेव्हा साध्या चार्टवर मध्येच दोन लाल कॅन्डल येतात, माणूस घाबरून बाहेर पडतो आणि ट्रेंड पुढे निघून जातो. असे किरकोळ उलटे दिवस सरासरीत विरघळतात आणि हात शिवशिवायचे थांबतात, तेवढा तिचा उपयोग पक्का. साइडवेज मार्केटमध्ये मात्र ती काही कामाची नाही, रंग हिरवा-लाल-हिरवा असा नाचतो. आणि आपल्याकडे प्रत्येक विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो, नफ्यावर ३० टक्के टॅक्स आणि तोटा वजा करता येत नाही, त्यामुळे असे चार-पाच फुकटचे फेरे मारले की एका बऱ्या ट्रेंडची कमाई साफ होते. टीडीएस रिटर्न भरताना टॅक्समध्ये धरला जातो हे खरं, पण तोपर्यंत ते पैसे ट्रेडिंगला नसतात. बॅकटेस्टमध्ये यातलं काहीच नसतं.

मी स्वतः हायकिन-आशी चार्ट उघडतच नाही. साधा कॅन्डलचा चार्ट ठेवतो आणि हायकिन-आशीचा रंग फक्त मागच्या पार्श्वभूमीला देतो :

```
//@version=5
indicator("HA background", overlay = true)
float ho = na
ho := na(ho[1]) ? (open + close) / 2 : (ho[1] + ohlc4[1]) / 2
bgcolor(color.new(ohlc4 >= ho ? color.green : color.red, 85))
```

काही जण कॅन्डललाच रंग देतात, ते नका करू, मग खरी कॅन्डल चढती का पडती हे रंगावरून कळत नाही आणि आपण परत तिथेच येतो. पार्श्वभूमीला दिलं की बुधवारसारखा दिवस लगेच डोळ्यात खुपतो, मागे हिरवं आणि पुढे ही भलीमोठी लाल कॅन्डल. असं दिसलं की मी रंग बदलायची वाट बघत नाही, निम्मा माल काढतो आणि उरलेल्याचा स्टॉप त्या लाल कॅन्डलच्या खऱ्या लोच्या खाली आणतो. हा माझा नियम आहे, तुम्ही तुमचा बनवा.

अजून एक, कॅन्डल बंद व्हायच्या आधीचा रंग धरू नका. ओपन ठरलेला असतो पण सरासरी शेवटपर्यंत हलते. डेली कॅन्डल यूटीसीप्रमाणे मध्यरात्री बंद होते, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला, तळजाईवर फिरायला जाणारी मंडळी बाहेर पडतात त्या सुमाराला. रात्री अकराला झोपायच्या आधी दिसलेली हिरवी कॅन्डल सकाळी लाल असू शकते, तो काही प्लॅटफॉर्मचा घोळ नव्हे.

तर ती एक ओळ घालून तीच स्ट्रॅटेजी, तेवढ्याच काळावर परत चालवा, कमिशन पण भरा त्यात, आणि आधीचा आणि आताचा नेट प्रॉफिट दोन्ही इथेच खाली टाका. चार तासांच्या चार्टवर पण करून बघा, तिथे सौदे जास्त असल्यामुळे फरक आणखी मोठा दिसेल असा माझा अंदाज आहे.