तिखट वेगळ्या वाटीत

"मावशी, ऑफिसच्या कामाला आलेली एक परदेशी बाई शनिवारी आमच्याकडे जेवायला येतेय. शाकाहारी चालेल म्हणाली, पण तिखटाची अजिबात सवय नाही. घरात वाद पेटलाय. तिखट काढलं तर ते आपलं जेवण राहतं का?"

भाचीचा हा निरोप आला त्याच्या तासाभरात घरच्या ग्रुपवर तिघांनी निकाल देऊन टाकला. दादा म्हणाला, मिरचीच्या बिया काढ, झालं. काकूंना वाटलं प्रश्न शाकाहाराचा आहे. त्या अंड्यावर पाऊण तास बोलल्या. भाचीच्या नवऱ्याचं म्हणणं, हॉटेलातून पनीर माखनी मागवू, ते गोडसर असतं. मागवा की, पण मग घरी कशाला बोलवायचं?

इथे आल्यावर पहिल्याच वर्षी मी हाच घोळ घातला होता. शेजारीणबाईंना जेवायला बोलावलं आणि भरली वांगी केली, लाल तिखट निम्मं घालून. निम्मं म्हणजे माझ्या हिशेबाने. दुसऱ्या घासाला बाईंना उचकी लागली. त्या घटाघट पाणी प्यायल्या आणि डोळ्यांतून धारा. तिखटातलं झोंबणारं द्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. पाणी ते तोंडभर फिरवतं एवढंच. अशा वेळी दही किंवा दूध पुढे करायचं. पुढच्या खेपेला मी घाबरून तिखटाबरोबर गोडा मसाला आणि चिंच-गूळही वगळला. तो आजाऱ्याचा डबा बाईंनी सभ्यपणे संपवला.

माझं मत तेव्हापासून पक्कं आहे: झणझणीत पदार्थ सौम्य करायला जायचं नाही, मुळात सौम्य असलेलाच निवडायचा. आपल्याकडे ते काय कमी आहेत? साधं वरण-भात, वर तूप, लिंबाची फोड. बटाट्याची पिवळी भाजी, कढी, काकडीची कोशिंबीर, श्रीखंड. लग्नाच्या पंगतीत यावर कोणी शंका घेत नाही. पोर्तुगीजांबरोबर १६व्या शतकात मिरची आली, त्याआधी आपल्याकडे मिरी, पिंपळी, आलं यांवरच भागत होतं. आणि तिखट कमी-जास्त करायची सोय ताटातच आहे: डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, लोणचं. ज्याला हवं त्याने घ्यावं.

आमटीवरून मात्र घरचे ऐकणार नाहीत, म्हणून मी ती अशी करते. वाटीभर तुरीची डाळ मऊ शिजवून घोटायची. दोन चमचे तेलात मोहरी तडतडली की जिरे, हिंग, हळद, कढीपत्ता, मिरची नाही. मग डाळ, पाणी, चिंचेचा कोळ, गूळ, मीठ आणि दीड चमचा गोडा मसाला घालून दहा मिनिटं उकळू द्यायचं. शेवटी छोट्या कढल्यात दोन चमचे तेल तापवून गॅस बंद करायचा आणि जरासं थांबून त्यात अर्धा चमचा लाल तिखट. लगेच घातलं तर करपतं; काळं पडलं नि ठसका लागला की फेकून परत करायचं. ते लाल तेल वेगळ्या वाटीत. तिखटाची सगळी धग तेलात उतरलेली असते, त्यामुळे आमटीवर चमचाभर सोडलं तरी घरच्यांना पुरतं. आमटी एकच, फक्त शेवटचा चमचा ज्याचा त्याचा.

दादाचं बियांचं अर्धंच खरं आहे. तिखटपणा असतो तो बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात. हिरव्या मिरचीतून गाभा खरवडला तर बराच फरक पडतो, पण एकदा तेलात परतली की उरलेलंही भाजीभर पसरतं. भाजीत त्यापेक्षा आलं किसून घाल, तेही बेताने, नाहीतर त्याचाच चटका बसायचा. आणि आमटी कोमट वाढ. तिखट आणि गरम या दोन्हींची जीभेला एकाच ठिकाणी जाणीव होते, म्हणून वाफाळत्या आमटीत थोडं तिखटही जास्त झोंबतं.

गोडा मसाला तुझ्या सासूबाईंचा असेल तर आधी चाखून बघ. आमची आई त्यात सुक्या मिरच्या घालायची, मी घालत नाही, आणि खरा कोणता यावर आमच्यात अजून भांडण होतं. पाहुणीला दाणे चालतात का, हेही आजच विचार. कोशिंबिरीत आपण सवयीने दाण्याचं कूट घालतो आणि काहींना ते जिवावर बेततं.

लसणीची चटणी कर, घरच्यांना लागेलच. फक्त तिचा चमचा वेगळा ठेव. माझ्याकडे एकदा तोच चमचा श्रीखंडात गेला होता.