एकट्या ॲडमिनचा नंबर बदलला म्हणून कुणीही ग्रुप सोडू नका

«महत्त्वाची सूचना. ग्रुपच्या एकट्या ॲडमिनने नंबर बदलला की त्याचे अधिकार कायमचे जातात. उपाय : १) सर्व मेंबरांनी ग्रुप सोडा, शेवटी उरेल तो आपोआप ॲडमिन होतो. २) नाहीतर जुन्या नंबरवर येणारा ६ अंकी कोड एखाद्या जाणकाराला पाठवा, तो अधिकार परत मिळवून देईल. ३) तेही नसेल तर ४ महिने थांबा, सर्वात जुना मेंबर ॲडमिन होतो. सर्व ग्रुपवर पाठवा.»

हा मेसेज मावशीच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला आणि तो वाचून काही बायका खरोखरच ग्रुप सोडून मोकळ्या झाल्या. त्यामुळे एकदा नीट लिहितो.

नंबर बदलणं दोन तऱ्हेचं असतं. मेसेज लिहिणाऱ्याला ते माहीत नाही किंवा सांगायचं नाही. व्हॉट्सॲपमध्ये Settings, मग Account, मग Change number अशी सोय आहे. तिथे जुना आणि नवा असे दोन्ही नंबर टाकले, नव्या नंबरवर आलेला कोड भरला, की तेच खातं नव्या नंबरावर सरकतं. ग्रुप तेच राहतात, ॲडमिनपदही तसंच राहतं. ग्रुपमध्ये नंबर बदलल्याची ओळ आपोआप उमटते. अशा वेळी काहीच गेलेलं नसतं.

मंडळात घडलं ते वेगळं. ॲडमिन काकूंनी नवा फोन घेतला, नवं सिम घातलं आणि त्या नंबरवर व्हॉट्सॲप नव्याने सुरू केलं. म्हणजे दुसरं खातं उघडलं. या खात्याचा ग्रुपशी काही संबंध नाही. ग्रुपचं नाव दाबून सभासदांची यादी उघडा : काकूंचा जुना नंबर तिथेच आहे आणि त्याच्यापुढे Group admin लिहिलेलं आहे. अधिकार हरवलेले नाहीत, ते जुन्या खात्यात पडून आहेत. प्रश्न एवढाच, की ते खातं आज कुठल्या फोनवर उघडतं.

हे कळलं की पहिला उपाय किती निरर्थक आहे ते दिसतं. ग्रुपमधला एकमेव ॲडमिन बाहेर पडला तरच व्हॉट्सॲप दुसऱ्या कुणाला ॲडमिन करतं. बाकीचे शंभर जण गेले तरी काकूंचा जुना नंबर यादीत आहेच, म्हणजे ॲडमिन आहेच. मग शेवटी उरलेल्या बाईला पद कशाला मिळेल? उलट, सभासद जोडण्याचा अधिकार फक्त ॲडमिनकडे ठेवलेला असेल, तर बाहेर पडलेल्यांना आत घ्यायला कुणीच नाही.

दुसरा उपाय चुकीचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही, तो घातक आहे. तो ६ अंकी कोड म्हणजे खात्याची किल्ली. ज्याच्या हातात कोड, त्याच्या फोनवर काकूंचं खातं. ग्रुप, ॲडमिनपद, काकूंच्या नावाने कुणालाही मेसेज करण्याची सोय, सगळं त्याचं. पुढचा मेसेज बहुधा असा येतो, की ‘तातडीने पैसे हवेत, या नंबरवर पाठव.’ कोड फक्त आपल्या हातातल्या फोनवर, आपणच टाकायचा. भाच्याला, मंडळाच्या सेक्रेटरीला, ‘व्हॉट्सॲपमधून बोलतोय’ म्हणणाऱ्याला, कुणालाही तो सांगायचा नाही. आणि अधिकार मिळवून देणारा जाणकार नावाचा प्राणी अस्तित्वात नाही. ग्रुपमध्ये ॲडमिन करतो तो ॲडमिनच.

तिसऱ्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. १२० दिवस एकदाही इंटरनेटवर न आलेलं खातं व्हॉट्सॲप साधारणपणे काढून टाकतं. खातं गेलं की ते ग्रुपमधूनही जातं, आणि ॲडमिन उरला नाही तर सभासदांपैकी कुणीतरी एक ॲडमिन होतो. पण तो सर्वात जुना असेलच असं नाही. निवड कशीही होते, ती कदाचित ग्रुप कधीच न उघडणाऱ्या बाईवर पडेल.

थांबण्यातला खरा धोका मात्र सिमचा आहे. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर हाच विषय आला होता. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस नव्या ग्राहकाला दिला जात नाही, असं तिथे दूरसंचार नियामक ट्रायने सांगितलं. म्हणजे ९० दिवसांनंतर दिला जाऊ शकतो, आणि ९० हे १२०च्या आधी येतात. त्यातून काकूंचा जुना फोन घरातल्या वायफायवर नातवाकडे असेल आणि त्यात व्हॉट्सॲप चालू असेल, तर खातं निष्क्रिय धरलंच जात नाही, १२० दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. मग तो नंबर मिळालेला अनोळखी माणूस आपलं व्हॉट्सॲप सुरू करायला जाईल आणि चालू खात्यात, पर्यायाने ग्रुपमध्ये ॲडमिन म्हणून उतरेल. मध्ये काकूंनी आधीच लावून ठेवलेला दोन टप्प्यांच्या पडताळणीचा पिन असेल तरच तो अडेल. जुन्या नंबरचं व्हॉट्सॲप खातं डिलीट करून हे टाळता येतं, असं न्यायालयानेही तेव्हा म्हटलं होतं. डिलीट करायचंच आहे, पण अधिकार दुसऱ्याला दिल्यानंतर.

आता करायचं काय. आधी जुना फोन शोधा. त्यातून सिम काढलं असलं तरी ते खातं दुसऱ्या फोनवर सुरू केलेलं नसेल, तर वायफायवर व्हॉट्सॲप उघडू शकतं. हे लोकांच्या लक्षातच येत नाही. उघडलं, की ग्रुपमध्ये काकूंचा नवा नंबर जोडा, यादीत त्या नंबरावर बोट दाबून धरा आणि Make group admin निवडा. लगेच आणखी दोघींना तसंच करा. नव्या नंबरवर खातं आधीच उघडलेलं असल्याने आता Change number च्या वाटेला जायची गरज नाही. सोडून गेलेल्या बायकांनाही याच फोनवरून परत घ्या. एखादीच्या प्रायव्हसी सेटिंगमुळे जोडता आलं नाही, तर तिला आमंत्रणाची लिंक पाठवा. सगळ्यात शेवटी Account मधून जुनं खातं डिलीट करा, त्याबरोबर जुने मेसेजही जातील.

जुना फोन विकला किंवा पुसला, पण सिम चालू आहे? मग सिम नव्या फोनमध्ये घाला. अँड्रॉइडवर Add account वापरून जुना नंबर दुसरं खातं म्हणून उघडता येतो, नवं खातं जात नाही. पिन आठवत नसेल आणि त्याला ईमेल जोडलेला नसेल, तर तो बदलायला ७ दिवस थांबावं लागतं. सिम हरवलं असेल, तर नंबर बंद होण्याआधी कंपनीच्या गॅलरीतून डुप्लिकेट सिम घ्या. ते सुरू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवलेले असतात, त्यामुळे कोड आला नाही म्हणून पुन्हापुन्हा मागवू नका. दुसऱ्या दिवशी मागवा.

सिमही गेलं आणि फोनही पुसला, तर मात्र नवा ग्रुप करा. त्याची लिंक जुन्या ग्रुपवर टाका. तिथे फक्त ॲडमिनलाच लिहिता येत असेल, तर यादीतल्या प्रत्येकीला वेगळी पाठवा. म्हणूनच सगळ्या नव्या ग्रुपमध्ये येईपर्यंत जुन्यातून कुणी बाहेर पडायचं नाही, कारण नंबरांची ती यादी दुसरीकडे कुठेही लिहून ठेवलेली नसते.