हो की नाही, एवढंच सांगा

अमेरिकेतल्या नोकरीचा अर्ज भरताना शिक्षण आणि अनुभवाच्या रकान्यांपर्यंत मी वाघ असतो. शेवटच्या पानावर दोन प्रश्न येतात आणि वाघाची शेळी होते.

पहिला प्रश्न: तुम्हाला अमेरिकेत काम करण्याची कायदेशीर परवानगी आहे का? दुसरा: व्हिसासाठी तुम्हाला आत्ता किंवा पुढे कधी कंपनीची स्पॉन्सरशिप लागेल का? दोन्हींखाली दोनच गोल, हो आणि नाही. ‘आज नाही, पण तुम्ही मनावर घेतलंत तर’ असा तिसरा गोल कुणी ठेवत नाही.

माझी खरी उत्तरं ‘नाही’ आणि ‘हो’. ती दिली आणि चौथ्या मिनिटाला मेल आला, ‘आम्ही आपला अर्ज काळजीपूर्वक वाचला.’ माझं कव्हर लेटर वाचायला बायकोला आठ मिनिटं लागली होती, तीही मधले दोन परिच्छेद गाळून! पुढे कळलं की यांना नॉकआउट प्रश्न म्हणतात. कंपनीने तसं ठरवलं असेल तर नको तो गोल दाबताच सॉफ्टवेअरच अर्ज बाजूला काढतं, माणसापर्यंत तो जातच नाही.

मित्र म्हणाला, “दाब ‘हो’, पुढचं पुढे.” पण पुढचं म्हणजे आय-नाइन फॉर्म. रुजू झाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत परवानगीची मूळ कागदपत्रं कंपनीला दाखवायची. तिथे काय दाखवू, कव्हर लेटर?

खोटं बोलायचं नाही असं ठरवलं आणि नेमकं तेव्हाच बोललो. पुढच्या कंपनीने प्रश्न उलटा विचारला होता: स्पॉन्सरशिपशिवाय काम करू शकाल का? स्पॉन्सरशिप दिसली की ‘हो’, ही बोटांना सवय. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या बाईंचा फोन, आवाजात नुसता आनंद.

“तुमच्याकडे कुठला व्हिसा आहे?”

“कुठलाच नाही.”

फोन कट झाला नव्हता, हे मला त्यांच्या सुस्काऱ्यावरून कळलं.

पुढच्या अर्जात आणखी प्रश्न. स्थलांतराची तयारी? हो. स्वखर्चाने? (आवंढा गिळून) हो. कधी रुजू व्हाल? इथे घोडं पेंड खातं. एच-वन-बी व्हिसासाठी कंपनीने मार्चमध्ये नाव नोंदवायचं, मग 65,000 आणि तिथल्या पदव्युत्तरांसाठीच्या 20,000 जागांमधून निवड. नंबर लागलाच तर काम लवकरात लवकर 1 ऑक्टोबरला. काल मी इमानदारीत तीच तारीख टाकली. लाल अक्षरं उमटली: पुढच्या 60 दिवसांतली तारीख निवडा.

साठावा दिवस निवडला, ‘अधिक माहिती’च्या चौकटीत ऑक्टोबरची सगळी कहाणी लिहिली, अर्ज पाठवला आणि घड्याळ समोर धरून बसलो. चार मिनिटं झाली, सहा झाली, मेल नाही. कुणीतरी कव्हर लेटर वाचत असावं, नाहीतर त्यांचा सर्व्हर बसला असावा.