अर्धदेव कोणाला म्हणायचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

ग्रीक पुराणकथांतली पात्रं देव, टायटन, अर्धदेव की माणसं हे ओळखायला मी ब्लॉगवर एक तक्ता दिला होता. त्यावर आलेली प्रतिक्रिया : “तुमचा तक्ता म्हणजे शाळकरी पोरांचं पाठांतर. आई किंवा बाप माणूस असला की अर्धदेव, एवढा एक नियम पुरतो. ‘तो मरतो का?’ हा रकाना कशाला? प्रोमिथियसला बारा टायटनांत बसवणाऱ्यांनी ग्रीक पुराणकथा शिकवू नयेत. अप्सरांबद्दल तर अवाक्षर नाही. आधी मूळ वाचा, मग लिहा.”

उत्तर द्यायला दोन दिवस लावले. लगेच लिहिलं असतं तर मीही तुमच्याच सुरात बोलले असते. माझं चुकलं तर जरूर सांगा, पण ‘शाळकरी पोरांचं पाठांतर’ ही हेटाळणी आहे, आणि त्या तक्त्यावरून पहिल्यांदा वाचायला बसलेली मुलं हा ब्लॉग वाचतात. त्यांच्यासमोर असं बोलायची गरज नव्हती.

तुमचं जे बरोबर आहे ते आधी मान्य करते. प्रोमिथियस बारांपैकी नाही. हेसिअड या प्राचीन ग्रीक कवीच्या ‘थिऑगनी’ या देवांच्या वंशावळीच्या काव्यात युरेनस म्हणजे आकाश आणि गाया म्हणजे पृथ्वी यांची बारा अपत्यं टायटन ठरतात. त्यांतल्या इआपेटसचा हा मुलगा, म्हणजे क्रोनसचा पुतण्या आणि क्रोनसचा मुलगा, देवांचा राजा झ्यूस याचा चुलतभाऊ. ओळ दुरुस्त केली आहे. मूळ मुद्दा मात्र तसाच राहतो : टायटन म्हणजे देवांहून वेगळी जात नव्हे, ती देवांचीच आधीची पिढी. हेसिअड त्यांना सरळ ‘टायटन देव’ म्हणतो. सगळे टायटन टार्टारस या पाताळाखालच्या तुरुंगात कोंडले गेले अशी नवख्यांची समजूत असते, पण थेमिस बारांपैकी असूनही होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्याच्या पंधराव्या सर्गात देवांच्या ऑलिंपस पर्वतावर बसलेली आहे आणि झ्यूसची बायको हेरा आल्यावर पेला पुढे करते आहे.

आता तुमचा तो ‘एक नियम’. तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलात, मला जरा जास्त लिहावं लागेल.

हा नियम मीही पाळला आहे. कॉलेजात ‘इलियड’ हातात घेतलं तेव्हा दोनशे पानी वहीचे चार भाग केले होते : देव, टायटन, अर्धदेव, माणसं. आईबाप बघायचे आणि नाव त्या त्या भागात टाकायचं. सोळाव्या सर्गापर्यंत वही छान चालली. तिथे ट्रॉयच्या बाजूने लढणारा लिशियाचा राजा सार्पेडॉन याचं मरण येतं. बाप झ्यूस, आई लाओडामिया ही माणूस, म्हणून तो माझ्या वहीत अर्धदेव होता. पॅट्रोक्लस या ग्रीक योद्ध्याच्या हातून तो मरणार हे दिसताच झ्यूसच्या मनात येतं, याला उचलून घरी नेऊ का? हेरा बजावते की तू तुझ्या मुलाला वाचवलंस तर बाकीचे देवही आपापल्या मुलांसाठी तेच करतील. झ्यूस रक्ताचा पाऊस पाडतो आणि मुलाला मरू देतो. मग निद्रा आणि मृत्यू हे जुळे भाऊ प्रेत लिशियाला नेतात, तिथे त्याचं थडगं होतं. ‘अर्धा’ देव असून सार्पेडॉनला मरणातून अर्धीही सूट मिळाली नाही. त्याच दिवशी मी वहीत ‘मरण’ असा रकाना आखला. तुम्हाला फालतू वाटतो तो रकाना १९ वर्षांपूर्वीचा आहे.

आता त्याच्या शेजारी मद्याचा देव डायोनायसस ठेवा. बाप तोच झ्यूस, आई सेमेली. तुमच्या नियमाने हा सार्पेडॉनच्याच रांगेत बसला पाहिजे. पण ‘थिऑगनी’त स्पष्ट म्हटलंय की मर्त्य सेमेलीने अमर मुलाला जन्म दिला. हेसिअडच्या लेखी तो अर्धदेव नव्हताच. त्याला पहिल्यापासून देवांत धरायचं.

आणि हेराक्लीस. बाप पुन्हा झ्यूस, आई अल्कमीनी. हा आयुष्यभर माणसासारखा राबतो, मरतो आणि मग देव होतो. ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात ओडिसियसला पाताळात हेराक्लीस दिसतो, पण कवी लगेच सांगतो की ही नुसती छाया; तो स्वतः देवांत आहे, हीबी ही देवी त्याची बायको आहे. एकच नाव दोन ठिकाणी. हा घोळ आपल्या डोक्यातला नाही, ग्रीकांनाही तो सांभाळावा लागत होता. हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहिलंय की हेराक्लीसची दोन देवळं बांधणारे ग्रीक योग्य करतात : एकात अमर देव म्हणून यज्ञ, दुसऱ्यात मेलेला वीर म्हणून अर्पण. सिसिऑन गावात तर पॉसेनियस या नंतरच्या ग्रीक प्रवासी लेखकाच्या काळापर्यंत दोन्ही एकाच कोकरावर चालत होतं. मांड्या वेदीवर जाळायच्या, काही मांस देवाच्या यज्ञातल्यासारखं सगळ्यांनी खायचं आणि काही वीराच्या नावाने अर्पण करायचं.

एकच बाप, तिन्ही आया माणसं, तीन मुलगे तीन ठिकाणी. म्हणून मी नवख्यांना सांगते, आईबाप लिहा, पण खूण शाईने करू नका. तो मरतो का आणि लोक त्याला काय अर्पण करतात, हे कळेपर्यंत पेन्सिल बरी. ‘अर्धदेव’ हा शब्दही रक्ताच्या हिशोबाने वापरलेला नाही. थीब्ज आणि ट्रॉय इथे लढलेल्या अख्ख्या पिढीला हेसिअड अर्धदेव म्हणतो, आणि त्या पिढीतल्या प्रत्येकाची आई काही देवी नव्हती.

अप्सरांचं म्हणाल तर त्यांच्यावर वेगळा लेख लिहायचा आहे, एका लेखात सगळं कोंबायची मला सवय नाही. तरी विचारलंतच तर, ग्रीक निंफ, म्हणजे डोंगर, झाडं, झरे यांत राहणाऱ्या स्त्रिया, या आपल्याकडच्या अप्सरा असं धरून वाचायला बसू नका. होमरच्या नावावर चालणाऱ्या ॲफ्रोडाइटीच्या स्तोत्रात डोंगरातल्या निंफ ना मर्त्यांत मोडतात ना अमरांत. त्या जन्मतात तेव्हा देवदार आणि ओक उगवतात. झाड आधी वाळतं, साल सुकते, फांद्या गळतात, आणि मग झाडाबरोबर तिचाही जीव जातो. म्हणजे इथेही मरणाचा रकाना लागतोच.

राहिलं ‘आधी मूळ वाचा’. हे वाक्य मी स्वतःला सोडून कुणालाच ऐकवत नाही. तुम्ही मात्र ऐकवलंत, तर ‘थिऑगनी’च्या ९३७ ते ९४२ आणि ९७५ ते ९७८ एवढ्या ओळी उघडा. सेमेली ही थीब्जचा राजा कॅडमस या माणसाची मुलगी, आणि तिची आई हार्मोनिया ही युद्धाचा देव एरीझ आणि प्रेमाची देवी ॲफ्रोडाइटी यांची लेक, म्हणजे देवी. तुमच्या नियमाने सेमेली अर्धदेव झाली आणि डायोनायसस पाऊण देव. हेसिअड मात्र तिला मर्त्य म्हणतो, तिच्या मुलाला अमर म्हणतो आणि पुढच्याच शब्दांत सांगतो की आता दोघेही देव आहेत. तिला कुठल्या रकान्यात टाकणार, ते मला कळवा.