डिपेंडंट कोणावर, आणि कशासाठी?

‘ताई, माझे मिस्टर लीड्सला सिव्हिल इंजिनिअर आहेत. मी आणि आमची चार वर्षांची मुलगी नागपूरहून व्हिसाचा अर्ज भरतोय. स्पॉन्सर म्हणून सासऱ्यांचं नाव दिलं तर चालेल का? पैसे तेच दाखवणार आहेत. डिपेंडंट लिहिलं की मला तिकडे नोकरी करता येणार नाही ना? आणि ह्यांच्या रेसिडेन्स परमिटवरची तारीख तर संपलेली दिसते!’

सासऱ्यांना आधी मोकळं कर. त्यांचं नाव या अर्जात कुठेच लागत नाही. तुझ्या नवऱ्याच्या स्किल्ड वर्कर व्हिसात स्पॉन्सर म्हणजे त्याची कंपनी, ब्रिटनच्या गृहखात्याचा, म्हणजे होम ऑफिसचा, परवाना असलेली. तिने त्याला सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप दिलं, त्यावर त्याचा व्हिसा झाला. तुला वेगळं सर्टिफिकेट लागत नाही. तुझ्या अर्जात नवरा हा मुख्य अर्जदार, आणि तुम्ही दोघी त्याच्या जोडीने.

सासऱ्यांचं नाव का पुढे आलं, ते कळतं. मुलगा शिकायला निघाला की ‘स्पॉन्सर कोण’ म्हणजे खर्च कोण करणार, हेच आपल्याकडे विचारतात. प्रतापनगरच्या माझ्या आतेबहिणीने तर ठणकावून सांगितलं, ‘स्पॉन्सर म्हणजे नवराच.’ ती बारा वर्षं दुबईत आहे. तिथे नवराच बायकोला स्पॉन्सर करतो, म्हणून तिच्या अर्जापुरतं तिचं बरोबर आहे. तुझा अर्ज ब्रिटनचा आहे.

पैशाचं मात्र नीट बघ, कारण अर्ज अडकतो तो इथे. जोडीदारासाठी २८५ पाउंड आणि पहिल्या मुलासाठी ३१५, म्हणजे तुम्हा दोघींचे ६०० पाउंड. पाउंड १२० रुपयांचा धरला तर ७२ हजार. ही रक्कम तुझ्या किंवा नवऱ्याच्या खात्यात सलग २८ दिवस असायला हवी, आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेआधीच्या ३१ दिवसांत यायला हवा. सासऱ्यांच्या पासबुकात वीस लाख असले तरी ते इथे मोजले जात नाहीत. त्यांनी तुझ्या खात्यात पैसे टाकले तर चालतात, पण २८ दिवस तिथून पुढे सुरू होतात.

समज, एक तारखेला खात्यात ८५ हजार आले. बारा तारखेला विम्याचा हप्ता कापला गेला आणि शिल्लक ५५ हजारांवर आली. दुसऱ्या दिवशी कोणी लगेच भर घातली, तरी मधला एक दिवस रक्कम कमी होतीच. आता मोजणी तेराव्या तारखेपासून. महिन्याची सरासरी कितीही चांगली दिसली तरी उपयोग नाही, रोजची शिल्लक बघतात. नवऱ्याच्या लीड्सच्या खात्यात एवढी रक्कम सहज राहात असेल तर त्याचंच स्टेटमेंट लाव, रुपयाच्या भावाची काळजीही उरत नाही. होम ऑफिसच्या परवान्यात त्याची कंपनी ए दर्जाची असेल आणि कुटुंबाचा पहिल्या महिन्याचा खर्च उचलायची लेखी हमी देत असेल, तर हे सगळं टळतं. त्याला विचारायला लाव. पुष्कळ कंपन्या फक्त कर्मचाऱ्यापुरती हमी देतात.

खरा खर्च वेगळाच आहे. सरकारी आरोग्यसेवेसाठी अर्जासोबतच भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला मोठ्या माणसासाठी १०३५ पाउंड आणि मुलासाठी ७७६. नवऱ्याच्या परवानगीची दोन वर्षं चार महिने उरलेत असं धरू. शेवटचे चार महिने सहा महिन्यांच्या आत, म्हणून त्यांचा वर्षाच्या निम्मा दर. तुझे २५८७ पाउंड ५० पेन्स, मुलीचे १९४०. व्हिसाची फी त्याहून निराळी. सासरे मदत करणारच असतील तर ती इथे लागेल.

आता नोकरी. तुझ्या धरमपेठच्या मामांनी सांगितलं ना, ‘डिपेंडंटला काम करता येत नाही, काहून नोकरी सोडून राहिली?’ मामांची मुलगी अमेरिकेत एच-४ या डिपेंडंट व्हिसावर आहे. तिथे कामाची परवानगी वेगळी काढावी लागते, आणि तीही नवऱ्याच्या ग्रीन कार्डची प्रक्रिया एका टप्प्यापर्यंत पोचल्यावरच. त्यांचा अनुभव खरा आहे, पण देश दुसरा. इथे ब्रिटनमध्ये डिपेंडंट जोडीदाराला वेगळी परवानगी लागत नाही, पगाराची किमान अट नाही, मालकाकडे स्पॉन्सरचा परवाना असण्याचीही गरज नाही. व्यावसायिक खेळाडू किंवा क्रीडा प्रशिक्षक सोडून कुठलंही काम करता येतं. गंमत अशी की तुझ्या नवऱ्याला नोकरी बदलायची तर नव्या कंपनीचं सर्टिफिकेट आणि नवा अर्ज लागतो, आणि तू आज राजीनामा देऊन उद्या दुसरीकडे लागू शकतेस.

तू अवलंबून आहेस ती मुदतीसाठी. त्याची परवानगी संपते त्याच दिवशी तुझी संपते. त्याची नोकरी गेली आणि कंपनीने कळवलं, तर होम ऑफिस सहसा ६० दिवसांची मुदत देतं, ती तुम्हा तिघांना मिळून. लग्न मोडलं तर तुझ्या व्हिसाचा पायाच जातो, तुझा स्वतःचा पगार कितीही असो.

नागपुरात यावर जो वाद चालतो तो शब्दाच्या अपमानावर अडून बसतो. शिकलेल्या मुलीला डिपेंडंट कसं म्हणता, वगैरे. मला त्या शब्दाचा राग येत नाही. लाडकी बहीणच्या ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला, तेव्हा दोघंही नसलेल्या बाईने काय करायचं हा प्रश्न आपल्याकडेच उठला होता. तिथे कुणी तिला डिपेंडंट म्हटलं नव्हतं. इकडचं ब्रिटिश सरकार निदान तसं लिहून दाखवतं. पण इकडच्या सरकारचंही फार कौतुक नको. ११ मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्या केअर वर्करना जोडीदार आणि मुलं आणायला बंदी घातली. म्हाताऱ्यांची सेवा करायला माणूस हवा होता, त्याचं लेकरू नको. २२ जुलै २०२५ पासून मधल्या कौशल्याच्या बऱ्याच कामांनाही तसंच झालं. सिव्हिल इंजिनिअर त्यात येत नाही, म्हणून तू हा फॉर्म भरू शकतेस.

राहिला रेसिडेन्स परमिट. नवऱ्याच्या प्लास्टिक कार्डावर ३१ डिसेंबर २०२४ लिहिलंय, हो ना? घाबरू नको. ती कार्डंच बंद होणार होती, म्हणून ज्यांची परवानगी पुढे होती त्यांच्याही कार्डांवर तीच तारीख छापली. खरी तारीख त्याच्या ऑनलाइन खात्यातल्या ई-व्हिसावर आहे. फॉर्ममध्ये ती घाल, कार्डावरची नको. तुला वेगळा परमिट काढायचा नाही. व्हिसा मंजूर झाला की तुझाही ई-व्हिसा होईल. नोकरी देणारा किंवा घरमालक मागेल तेव्हा त्या खात्यातून शेअर कोड काढायचा, तो ९० दिवस चालतो.

माझी एक मैत्रीण म्हणते, तू थांबावंस आणि स्वतःची स्पॉन्सर कंपनी शोधूनच यावंस, म्हणजे मुदत कुणाच्या हातात राहणार नाही. तिचं पटतं, पण अर्धंच. मुदत नवऱ्याच्या हातून सुटून मालकाच्या हाती जाईल, आणि जुलै २०२५ पासून स्वतःच्या अर्जाला सर्वसाधारण किमान पगार वर्षाला ४१,७०० पाउंड लागतो. नागपुरात बसून तशी नोकरी मिळवणं कठीण, इथे येऊन काम करता करता शोधणं त्या मानाने सोपं. मिळाली तर ब्रिटनमध्ये राहूनच स्वतःच्या व्हिसावर जाता येतं. ती म्हणते, एकदा आल्यावर कोण बदलतंय. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तू आणि तुझा नवरा बोला. आणि विम्याचा हप्ता कुठल्या तारखेला कापला जातो, तेही बघून ठेव.